एकाच पीएनआरवर दोन कन्फर्म, दोन वेटिंग: चार्ट लागल्यावर पैसे कसे परत मिळतात?

«आम्हा चौघांचं पुणे–नागपूर थर्ड एसीचं ऑनलाइन तिकीट आहे, गाडी संध्याकाळी 5.40 ची. सकाळी चार्ट लागला. आई-बाबांचं कन्फर्म झालं, आम्ही दोघं वेटिंगवरच राहिलो. आता कॅन्सल होत नाहीये. वेटिंगचे पैसे आपोआप परत येतात ना? आणि चौघांनीही जायचं नाही असं ठरवलं तर किती कापतील?»

नाही, या तिकिटावर आपोआप एक रुपयाही परत येणार नाही. पण वेळेत हालचाल केलीत तर चौघांचेही जवळपास सगळे पैसे मिळतील, अगदी कन्फर्म झालेल्या दोघांचेसुद्धा. त्यासाठी तुमच्याकडे 5.10 पर्यंतचाच वेळ आहे. म्हणून आधी काय करायचं ते सांगतो, कारणं नंतर.

कुणीच जाणार नसेल, तर आयआरसीटीसीच्या ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यात जा. My Account मध्ये My Transactions उघडा आणि तिथे File TDR निवडा. टीडीआर म्हणजे परतावा मागण्याचा अर्ज. अॅपमध्येही हीच सोय आहे. पीएनआर निवडला की प्रवाशांची नावं येतील. चौघांच्याही नावापुढे खूण करा, एकही नाव सोडू नका. मग कारणांची यादी उघडते. तिच्यात पार्टी अंशतः कन्फर्म आणि अंशतः वेटिंग असल्याची दोन कारणं असतात. एक सगळ्यांनीच प्रवास न केल्याचं, दुसरं फक्त वेटिंगवाल्यांनी न केल्याचं. तुम्हाला पहिलं हवं. नुसतं ‘प्रवास केला नाही’ असं साधं कारणही त्या यादीत असतं, घाईत बहुतेक जण तेच निवडतात. ते निवडू नका, कारण तुमचा हक्क ‘तिकीट अर्धवट कन्फर्म होतं’ यावरच उभा आहे आणि अर्ज तपासणाऱ्याला ते कारणातच दिसायला हवं. अर्ज गेला की पोच येते. तिचा आणि पीएनआरच्या स्थितीचा, वेळ दिसेल असा, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता पैसे आपोआप का येत नाहीत ते बघू. ऑनलाइन तिकिटावरचे सगळेच्या सगळे प्रवासी चार्टनंतर वेटिंगवर राहिले, तर रेल्वेची यंत्रणा तो पीएनआर चार्टमधून वगळते, तिकीट स्वतःच रद्द करते आणि कारकुनी शुल्क कापून बाकी रक्कम ज्या खात्यातून आली होती तिथे पाठवते. ‘वेटिंगचे पैसे आपोआप येतात’ असं जे सगळे सांगतात ते या तिकिटाबद्दल आणि तेवढ्यापुरतं खरं आहे. पण पीएनआरवर एक जरी प्रवासी कन्फर्म किंवा आरएसी झाला, तर तो पीएनआर वगळला जात नाही. वेटिंगवाल्यांसकट सगळी नावं चार्टवर राहतात आणि रेल्वेच्या लेखी ते तिकीट चालू असतं. यंत्रणेला वाटतं की ही मंडळी येणार आहेत. येणार नाही हे तुम्हालाच कळवावं लागतं, आणि चार्ट लागल्यावर ते कळवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे टीडीआर. कॅन्सलचं बटण चार्टबरोबरच बंद होतं, म्हणून तुमचं तिकीट रद्द होत नाहीये. अॅप बिघडलेलं नाही.

इथे आरएसी म्हणजे वेटिंग नव्हे, हेही लक्षात ठेवा. आरएसीला बसायला जागा मिळालेली असते. त्यामुळे एक आरएसी आणि तीन वेटिंग असं तिकीटसुद्धा आपोआप रद्द होत नाही. चौघांपैकी तिघं वेटिंगवर आहेत म्हणजे तिकीट बाद झालं, असं समजून लोक निवांत राहतात आणि पैसे बुडतात.

कन्फर्म झालेल्या आई-बाबांचेही पैसे मिळतात ते 2015 च्या परतावा नियमांमुळे. हे नियम त्या वर्षीच्या 12 नोव्हेंबरपासून लागू झाले. कुटुंबाच्या किंवा गटाच्या एकाच तिकिटावर काही जण कन्फर्म आणि बाकीचे आरएसी किंवा वेटिंगवर असतील, तर कन्फर्म असलेल्यांनाही फक्त कारकुनी शुल्क कापून पूर्ण भाडं परत मिळतं. अट दोन गोष्टींची आहे. सगळ्या प्रवाशांचं तिकीट एकदम सोडायचं, आणि गाडीच्या नियोजित वेळेच्या 30 मिनिटं आधीपर्यंत ते ऑनलाइन रद्द करायचं किंवा टीडीआर भरायचा. यामागचा विचारही सरळ आहे. घरातल्या दोघांनाच जागा मिळाली म्हणून चौघांचा बेत मोडला, तर तो दंड प्रवाशाच्या माथी मारायचा नाही. एरवी पूर्ण कन्फर्म तिकीट शेवटच्या काही तासांत सोडलं तर हाती काही लागत नाही. तुमच्या तिकिटावर वेटिंगची दोन नावं आहेत, म्हणून हे दार उघडं आहे.

हिशेब असा. भाडं माणशी 1,200 रुपये धरू, म्हणजे चौघांचे 4,800. आरक्षित तिकिटावरचं कारकुनी शुल्क माणशी 60 रुपये, आणि एसी वर्ग असल्यामुळे त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे माणशी 63. चौघांचे 252 रुपये कापले जाऊन 4,548 परत यायला हवेत. तिकीट काढताना भरलेलं सुविधा शुल्क मात्र कोणत्याच परिस्थितीत परत येत नाही, ते या हिशेबात धरू नका. तिकीट स्लीपरचं असतं तर शुल्कावर जीएसटी लागला नसता, माणशी साठच कापले गेले असते.

हे पैसे लगेच येत नाहीत. पूर्ण वेटिंगच्या तिकिटाचा परतावा यंत्रणा स्वतः करते, म्हणून तो थोड्या दिवसांत जमा होतो. टीडीआर मात्र आयआरसीटीसीकडून संबंधित रेल्वेकडे जातो, तिथे चार्ट आणि तपासनिसाच्या नोंदींशी पडताळला जातो, आणि मंजुरी आली की मग रक्कम निघते. यात महिना-दोन महिने सहज जातात. My Transactions मध्येच TDR History आहे, तिथे अर्ज कुठवर आला ते अधूनमधून बघत राहा.

5.10 ची वेळ डोक्यात पक्की ठेवा. ती गाडीच्या नियोजित वेळेवरून मोजली जाते. गाडी अर्धा तास उशिरा सुटणार असं फलाटावर लागलं, तरी तुमची मुदत अर्ध्या तासाने वाढत नाही. अपवाद एकच. गाडी तुमच्या चढायच्या स्थानकावर तीन तासांहून जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही जाणार नसाल, तर प्रत्यक्ष गाडी सुटण्याआधी ‘गाडीला तीन तासांहून जास्त उशीर’ या कारणाने टीडीआर भरता येतो. मग कन्फर्म असो, आरएसी असो, वेटिंग असो, पूर्ण भाडं मिळतं, कारकुनी शुल्कही कापलं जात नाही. त्यामुळे चार्टनंतर गाडी खूपच रखडलेली दिसली, तर कोणत्या कारणाने अर्ज करायचा ते आधी ठरवा.

मुदत 5.10 पर्यंत असली तरी पाच वाजेपर्यंत थांबू नका. डिसेंबर 2025 पासून दुपारी 2 नंतर सुटणाऱ्या गाड्यांचा पहिला चार्ट किमान 10 तास आधी लागतो, आणि पहाटे 5 ते दुपारी 2 या वेळेतल्या गाड्यांचा आदल्या रात्री 8 पर्यंत. म्हणजे तुमच्या 5.40 च्या गाडीचा चार्ट सकाळी 7.40 च्या आत लागला, आणि टीडीआरसाठी साडेनऊ तास मिळाले. पूर्वी चार्ट चार तास आधी लागायचा, तेव्हा ही सवड साडेतीन तासांचीच होती. सवड वाढली तशी ढिलाईही वाढली आहे. गाडी सुटायच्या सुमारास दुसरा चार्ट लागतो, त्यात उरलेल्या आरएसीवाल्यांपैकी काही कन्फर्म होतात. तुमच्या तिकिटावर वेटिंगऐवजी आरएसी असतं आणि ते शेवटच्या क्षणी कन्फर्म झालं असतं, तर ज्या आधारावर हा परतावा मिळतो तोच गेला असता. जायचं नाही हे ठरलं की त्याच तासात अर्ज करा.

चार्ट किती वाजता लागणार हे गाडी कुठून सुटते त्यावर ठरतं, हे पुण्याच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवायला हवं. पुणे किंवा हडपसरहून सुटणाऱ्या गाडीला हिशेब सोपा आहे. पण मुंबईहून निघून पुण्यावरून दक्षिणेला जाणाऱ्या गाडीचा चार्ट मुंबईच्या वेळेला धरून लागतो. तुम्ही पुण्याची वेळ धरून ‘अजून दोन तास आहेत, मग कॅन्सल करू’ म्हणाल, आणि तोवर बटण बंद झालेलं असेल.

आता दुसरी शक्यता. आई-बाबांनी जायचं आणि तुम्ही दोघांनी थांबायचं. नागपूरला लग्नकार्य किंवा दवाखाना असला तर बहुतेक घरांत हेच ठरतं. यात तुमच्या दोघांचेच पैसे मागायचे आहेत, आणि त्याची गुरुकिल्ली गाडीत बसलेल्या आई-बाबांच्या हातात असते. गाडीत टीटीई तपासायला आले की त्यांना सांगायचं, ‘या पीएनआरवरच्या वेटिंगच्या दोघांनी प्रवास केलेला नाही, तसं प्रमाणपत्र द्या.’ टीटीई हातातल्या यंत्रावर गैरहजर अशी नोंद करतील, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. लेखी प्रमाणपत्र मागायचं, त्याला तिकडे जीसी म्हणतात, किंवा ते ईएफटीच्या, म्हणजे जादा भाडं घेतल्यावर देतात त्या, पावतीवर लिहून देतात. त्यावर पीएनआर, न आलेल्या प्रवाशांची संख्या, तारीख, गाडी क्रमांक आणि सही आहे ना, हे तिथेच बघून घ्या. ज्येष्ठ माणसं हे मागायला संकोचतात, म्हणून त्यांना निघण्यापूर्वीच एका कागदावर हे वाक्य लिहून द्या आणि कागद तिकिटाबरोबर ठेवायला सांगा. प्रमाणपत्र गाडीतच मिळतं. नागपूरला उतरल्यावर ते टीटीई सापडत नाहीत आणि दुसरं कुणी त्यांच्या वतीने देत नाही.

मग गाडी नागपूरला प्रत्यक्ष पोहोचल्यापासून 72 तासांच्या आत टीडीआर भरायचा. या वेळी फक्त तुमच्या दोघांच्या नावापुढे खूण, आणि कारण दुसरं, म्हणजे वेटिंगवाल्यांनी प्रवास न केल्याचं. प्रमाणपत्राची मूळ प्रत आयआरसीटीसीकडे टपालाने पाठवावी लागते. पत्ता पाठवायच्या दिवशी संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या, प्रतीचा फोटो काढून ठेवा आणि स्पीड पोस्टची पावती जपा. वरच्याच भाड्याने दोघांचे 2,400, त्यातून 126 वजा, म्हणजे 2,274 रुपये यायला हवेत. हा अर्ज फेटाळला जातो तो बहुधा एकाच कारणाने, प्रमाणपत्र नसतं. चार्टवर तुमची नावं आहेत, तुम्ही गेला नाहीत याचा पुरावा नाही, मग रेल्वेने पैसे कशावर द्यायचे?

‘आई-बाबांची जागा आहे, आम्ही त्यांच्याबरोबर दाटीवाटीने बसून जाऊ’ असा विचार मनात येईल. वेटिंगवाल्याला आरक्षित डब्यात बसण्याचा हक्क नसतो, आणि मे 2025 पासून याची तपासणी कडक झाली आहे. गाडीत चढलात की परताव्याचा प्रश्न संपतो, आणि डब्यातून उठवलं तर तक्रार करायला आधार नसतो. पूर्ण वेटिंगच्या ऑनलाइन तिकिटाचं तर याहून वाईट. चार्टनंतर ते तिकीटच उरत नाही, त्यावर जनरल डब्यात बसलात तरी विनातिकीट प्रवासाचा दंड होतो.

खरं तर यातला बराच मनस्ताप चार्टच्या आधी टाळता आला असता. वेटिंगच्या दोघांनी जायचं नाही हे आदल्या दिवशीच ठरलं असेल, तर ऑनलाइन फक्त त्या दोघांची नावं रद्द करायची. माणशी तेच 60 रुपये आणि जीएसटी कापले जातात, टीटीईच्या प्रमाणपत्राची गरज नाही, टपाल नाही, पैसेही लवकर येतात. अडचण एवढीच की चार्टच्या वेळी वेटिंग सुटण्याची आशाही त्याबरोबर सोडावी लागते. माझं मत असं की वेटिंगचा आकडा दोन-चारवर आला असेल तर थांबावं, आणि तो दोन दिवस हललेलाच नसेल तर आदल्या संध्याकाळीच सोडून द्यावं. उलट कन्फर्म असलेल्या एकाचं नाव रद्द केलं की ती जागा आपल्याच वेटिंगवाल्याला मिळेल असं काही जण धरून चालतात. तसं होत नाही. ती जागा रांगेत सर्वांत पुढे असलेल्याला जाते, आणि कन्फर्म नाव एकटंच रद्द केल्यामुळे त्यावर कन्फर्म तिकिटाची जास्तीची कपात लागते.

पुढच्या वेळी एकच पीएनआर काढायचा की दोन, हा प्रश्न येईलच. मला विचाराल तर सगळ्यांनी एकत्रच जायचं किंवा कुणीच नाही, असा बेत असेल तेव्हा एकच पीएनआर चांगला, कारण अर्धवट कन्फर्म झालं तर चौघांचेही पैसे जवळपास पूर्ण सुटतात. काहींनी कसंही करून जायचंच आहे आणि बाकीचे जमलं तर येणार, असं असेल तेव्हा दोन वेगळे पीएनआर काढावेत. मग दुसरा पीएनआर पूर्ण वेटिंगवर राहिला तर तो आपोआप रद्द होऊन पैसे येतात, आणि गाडीतल्यांना काही मागत बसावं लागत नाही. अर्धवट तिकीट नकोच असेल, तर काढताना Book only if confirm berths are allotted या ओळीपुढे खूण करा.

पूर्ण वेटिंगच्या तिकिटावर विकल्प योजना निवडली असेल, तर चार्टनंतर पीएनआर नक्की तपासा. दुसऱ्या गाडीत जागा दिली गेली असेल तर ते तिकीट कन्फर्म धरलं जातं. तुम्ही आपोआप परताव्याची वाट बघत बसता आणि तिकडे तुमच्या नावाची जागा रिकामी जाते.

तत्काळच्या तिकिटालाही अर्धवट कन्फर्मचा हाच नियम आहे. एरवी कन्फर्म तत्काळचे पैसे मिळत नाहीत, पण एकाच तिकिटावर काही कन्फर्म आणि काही वेटिंग असेल आणि सगळेच सोडणार असाल, तर 30 मिनिटं आधीपर्यंत टीडीआर भरून कारकुनी शुल्क वगळता पैसे मिळतात. हे माहीत नसल्यामुळे लोक मागतच नाहीत.

तिकीट एजंटाकडून काढलं असेल तर टीडीआर त्याच्याच खात्यातून भरावा लागतो आणि परतावाही आधी त्याच्याकडे जातो. म्हणून चार्ट लागताच त्याला फोन करा आणि पोच व्हॉट्सअॅपवर मागून घ्या. अधिकृत एजंटाच्या तिकिटाचा परतावा आला की तुमच्या मोबाइलवर रकमेसह ओटीपी येतो. पैसे हातात घेतानाच तो त्याला सांगायचा. तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल नंबर दिला नसेल, तर हा ओटीपी तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

खिडकीवर काढलेल्या कागदी तिकिटाला यातलं आपोआप काहीच लागू नाही. चौघंही वेटिंगवर राहिले तरी ते स्वतः रद्द होत नाही. गाडीच्या 30 मिनिटं आधीपर्यंत कोणत्याही आरक्षण खिडकीवर नेऊन द्यावं लागतं, आणि अर्धवट कन्फर्म असेल तर पूर्ण तिकीटच द्यावं लागतं. सुट्टीच्या दिवसांत पुणे स्टेशनच्या आरक्षण केंद्रात रांग लांब असते, त्यामुळे तासभर हाताशी ठेवून निघा. आरक्षणाच्या अर्जात मोबाइल नंबर लिहिला असेल तर 139 वरून किंवा आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून ते वेळेत रद्द करता येतं. मग वेळ गाठण्याची धावपळ वाचते, पण पैसे घ्यायला मूळ तिकीट घेऊन खिडकीवर जावंच लागतं. तेही ठरलेल्या मुदतीतच, म्हणून रद्द झाल्याच्या संदेशात काय लिहिलंय ते पूर्ण वाचा.

तुमच्या बाबतीत आता एवढंच ठरवायचं राहिलंय की आई-बाबा जाणार आहेत का. जाणार नसतील तर चौघांचा टीडीआर आत्ताच भरा. जाणार असतील तर टीटीईसाठीचं ते वाक्य लिहून कागद बाबांच्या खिशात ठेवा, आणि तुमच्या दोघांचा अर्ज गाडी नागपूरला लागल्यावरच करा.